पुन्हा लॉगिन मागणारी दस्तऐवजाची लिंक

ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावरून शेअर झालेल्या दस्तऐवजाची लिंक उघडताच समोर लॉगिनचे पान येते आणि त्यात भरलेला पासवर्ड तिसऱ्याच माणसाच्या हाती पडतो, असा हा फिशिंगचा प्रकार आहे. पाठवणाऱ्याचे नाव खरे असते आणि बहुतेक वेळा ईमेलचा पत्ताही खराच असतो, कारण त्या व्यक्तीचे खाते आधीच चोरांच्या ताब्यात गेलेले असते. त्यामुळे ‘पाठवणारा ओळखीचा आहे ना, ते बघा’ हा नेहमीचा सल्ला इथे उपयोगी पडत नाही.

पुन्हा लॉगिन मागितले म्हणजे फसवणूकच, असेही नाही. सेशनची, म्हणजे आधी केलेल्या लॉगिनची, मुदत संपलेली असते, किंवा ब्राउझरमध्ये एक खाते चालू असते आणि फाइल दुसऱ्याच खात्याला शेअर झालेली असते. फोनवर तर हे सतत होते. चॅट अ‍ॅपमधली लिंक बऱ्याचदा त्या अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे आपले नेहमीचे लॉगिन नसते. या सवयीमुळेच लोक विचार न करता पासवर्ड टाकून मोकळे होतात.

एक नमुना पाहू. सहकाऱ्याकडून ‘सुधारित कोटेशन’ नावाची फाइल येते. शेअर झाल्याची सूचना खऱ्या सेवेकडूनच आलेली असते आणि फाइलही खरोखर तिथेच असते. पण आत मजकुराचे फक्त धूसर चित्र असते आणि त्यावर ‘पूर्ण दस्तऐवज पाहा’ असे बटण. ते दाबल्यावर लॉगिनचे पान येते. बोधचिन्ह, रंग, अक्षरे सगळे हुबेहूब असते. पत्त्याच्या पट्टीत मात्र असे काही दिसते:

```
https://accounts.google.com.doc-view.example/signin
```

हा पत्ता डावीकडून वाचला की ओळखीचा वाटतो. खरा मालक कळतो तो `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीच्या भागावरून. इथे तो भाग, म्हणजे डोमेन, `doc-view.example` आहे. त्याच्या डावीकडचे काहीही मालकाला हवे तसे लिहिता येते. फोनवर पट्टी अरुंद असल्याने हा महत्त्वाचा भाग कापला जाऊ शकतो. कुलपाच्या चिन्हाने इतकेच कळते की जोडणी कूटबद्ध आहे. पलीकडे कोण बसले आहे, ते त्यावरून कळत नाही.

अशी काही पाने नुसती नक्कल नसतात, मधला दलाल असतात. आपण टाकलेला पासवर्ड ती त्याच क्षणी खऱ्या सेवेकडे पाठवतात. खरी सेवा आपल्या फोनवर ओटीपी पाठवते, आपण तो त्याच पानात भरतो आणि पान तोही पुढे सरकवते. लॉगिन यशस्वी होते. सेवेने दिलेली सेशन कुकी मात्र दलालाकडेच राहते. ही कुकी म्हणजे ‘हा माणूस आत आलेला आहे’ याची पावती. ती स्वतःच्या ब्राउझरमध्ये घातली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून ओटीपी चालू आहे एवढ्यावर इथे विसंबता येत नाही.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली, इथे टिकते, कारण ती ज्या डोमेनसाठी बनवलेली असते त्याच डोमेनवर चालते. पासवर्ड मॅनेजरही अनोळखी डोमेनवर पासवर्ड आपोआप भरत नाही. नेहमी भरला जाणारा पासवर्ड आज का भरला गेला नाही, हा या प्रकारातला सर्वांत बोलका इशारा मानावा. पण तेव्हा ‘मॅनेजर बिघडला असेल’ म्हणून पासवर्ड हाताने चिकटवला, किंवा पानाने सुचवले म्हणून पासकी सोडून ओटीपीचा मार्ग धरला, तर हे संरक्षण संपते.

याच्या एका जातीत चोर पासवर्ड मागतच नाहीत. मे २०१७ मध्ये ‘Google Docs’ हेच नाव लावलेले एक बनावट अ‍ॅप ओळखीच्यांकडून आलेल्या लिंकमधून पसरले. लॉगिनचे पान खरे गूगलचेच होते. फक्त त्यानंतर ते अ‍ॅप मेल वाचण्या-पाठवण्याची आणि संपर्क पाहण्याची परवानगी मागत होते. परवानगी मिळाली की तीच लिंक संपर्कांकडे जाई. अशी परवानगी पासवर्ड बदलूनही टिकू शकते.

खात्री करायची तर लिंक बाजूला ठेवावी, नव्या टॅबमध्ये सेवेचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करावे आणि ‘माझ्यासोबत शेअर केलेले’ हा विभाग पाहावा. अर्थात वरच्या नमुन्यातली फाइल तिथेही सापडेल, म्हणून फाइलच्या आतून निघणारे दुसरे लॉगिन वेगळे तपासावे लागते. पाठवणाऱ्याला विचारायचे ते फोनवर. त्याच मेलला उत्तर देऊन विचारले, तर ‘हो, मीच पाठवलंय, बघून घे’ असे उत्तर चोरही देतो. खातेदाराला तो संवाद दिसू नये म्हणून अशी उत्तरे एखाद्या कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये हलवणारा नियम त्याने मेलबॉक्समध्ये करून ठेवलेला असू शकतो.

पासवर्ड दिला गेलाच, तर खऱ्या पत्त्यावरून तो बदलावा आणि सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे, नाहीतर चोरलेली कुकी चालू राहण्याची शक्यता असते. मग मेलचे नियम आणि फॉरवर्डिंग, जोडलेली अ‍ॅप्स, नव्याने नोंदवलेला एखादा फोन नंबर किंवा ऑथेंटिकेटर हे तपासून अनोळखी असेल ते काढावे. खाते कार्यालयाचे असेल तर आयटी विभागाला त्याच तासात कळवावे, कारण पुढची लिंक आता आपल्या नावाने जाणार असते.