मावशीचा पहिला व्हिडिओ गेम

माझी मावशी ५८ वर्षांची आहे. इंदिरानगरहून निघून ऐन संध्याकाळी शालिमारच्या गर्दीतून ती स्कूटी अशी काढते की मागे बसलेल्याने डोळे मिटून घ्यावेत. गेल्या दिवाळीत भाच्याने तिच्या हातात कंट्रोलर दिला, तेव्हा मात्र तिचं पात्र दोन मिनिटांत भिंतीला नाक लावून उभं राहिलं आणि कॅमेरा जमिनीकडे वळला. "अरे, हे माझ्या वयाचं काम नाही," म्हणत तिने कंट्रोलर खाली ठेवला.

वयाचा संबंध थोडाच होता. तो त्रिमितीय गेम होता आणि त्यात डाव्या अंगठ्याखालच्या स्टिकने चालायचं, उजव्या अंगठ्याखालच्या स्टिकने मान वळवायची. आपण रस्त्यावर चालताना मान आपोआप वळते, त्यासाठी वेगळा हुकूम सोडावा लागत नाही. इथे त्या एकाच क्रियेचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही अंगठ्यांना एकाच वेळी वेगवेगळं काम करावं लागतं. मुरलेल्या खेळाडूला हे जाणवतही नाही, कारण त्याच्या अंगठ्यांना लहानपणापासून सवय असते. नवख्याला मात्र प्रत्येक वळणावर 'आता कुठला अंगठा?' असा निर्णय घ्यावा लागतो. विल्यम हिक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिलं की समोरचे पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. सरावाने ही वाढ कमी होते, पण मावशीकडे तो सराव नव्हता.

अडचण कुठे आहे हे ओळखायला स्क्रीनकडे पाहू नका, खेळणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहा. मावशी दर चार-पाच सेकंदांनी खाली हाताकडे बघत होती. नजर बटणं शोधायला खाली गेली की तेवढ्यात स्क्रीनवर काय घडलं ते निसटतं. मग गोंधळ, आणि गोंधळात दोन्ही स्टिक एकदम दाबल्या जातात. काहींना अशा गेममध्ये मळमळतंही, कारण डोळे 'आपण हलतोय' म्हणतात आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव 'आपण सोफ्यावर बसलोय' म्हणतो. तसं झालं तर हट्टाने पुढे खेळवू नये, लगेच थांबावं.

मग मी तिला 'अनपॅकिंग' लावून दिला, २०२१ चा गेम. घर बदलल्यावर खोक्यांतलं सामान एकेक काढून जागेवर लावायचं, एवढंच त्यात आहे. माऊसच्या डाव्या क्लिकने वस्तू उचलायची आणि ठेवायची, उजव्या क्लिकने फिरवायची. घड्याळ नाही, हरणं नाही. सगळी खोकी रिकामी झाल्यावर चुकीच्या जागी असलेल्या वस्तूंभोवती लाल रेघ दिसते, तीही हवी तर सेटिंगमधून बंद करता येते. पहिली खोली १९९७ मधली, एका लहान मुलीची. मावशीने तिथे पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, जे गेमने मागितलंच नव्हतं. त्या अर्ध्या तासात तिने हाताकडे एकदाही पाहिलं नाही.

इथे एक फसवी निवड सांगायला हवी. शांत संगीत आणि शेतीवाडी बघून बरेच जण नवख्याला 'स्टारड्यू व्हॅली' देतात. गेम सुंदर आहे, मलाही अतिशय आवडतो, पण त्यातला एक दिवस सुमारे १४ मिनिटांत संपतो. रात्री दोनपर्यंत झोपला नाहीत तर पात्र कोसळतं. मासे धरताना तर बटण दाबत-सोडत एक हिरवी पट्टी पळत्या माशावर टिकवायची असते, आणि ते पहिल्या दिवसांत भल्याभल्यांना जमत नाही. चित्र संथ असलं तरी गेमची गती वेगळी असते. म्हणून विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: खेळणाऱ्याने कंट्रोलर खाली ठेवून चहा टाकला, तर तेवढ्यात काही बिघडेल का? पॉजचं बटण असेलही, पण ते वेळेवर आठवणं हेसुद्धा नवख्याला एक कामच असतं.

दोन आठवड्यांनी कंट्रोलर पुन्हा बाहेर काढला, या वेळी 'अ शॉर्ट हाईक'साठी. एक छोटी पक्षीण डोंगरमाथ्यावर जायला निघते, कारण फोनला रेंज तिथेच मिळते. ही अडचण मावशीला चटकन पटली, कारण ब्रह्मगिरी चढताना तिचाही फोन मुका झाला होता! कॅमेरा बहुतेक वेळ गेम स्वतः सांभाळतो. त्यामुळे डाव्या अंगठ्याने चालायचं आणि एका बटणाने उडी मारायची, एवढंच हाती उरतं. उंचावरून पडलं तरी इजा होत नाही. मावशी पहिल्या दिवशी कड्यावरून नऊ वेळा पडली आणि नवव्यांदा पडताना उडीचं बटण दाबून धरल्यावर पक्षीण पंख पसरून तरंगत खाली येते, हे तिचं तिनेच शोधून काढलं.

परवा तिने दिवाळीतला तोच जुना गेम मागितला. मी तिला शत्रू नसलेल्या मोकळ्या मैदानात सोडलं. ती चार पावलं चालते, थांबते, उजव्या अंगठ्याने सावकाश मान वळवून बघते, मग पुन्हा चालते. दोन्ही अंगठे एकदम अजून चालत नाहीत, पण पात्र भिंतीला अडकलं तर ते कसं सोडवायचं हे आता तिला ठाऊक आहे.