लावणीनंतरचा ताप आणि तिसऱ्या दिवशीची ‘निगेटिव्ह’ चाचणी

‘संसर्ग झाल्यावर रक्तात सर्वांत आधी कोणते इम्युनोग्लोब्युलिन दिसते?’ नर्सिंग आणि डीएमएलटीच्या परीक्षांत हा प्रश्न हमखास येतो आणि ‘आयजीएम’ या वर्गाचे प्रतिपिंड हे उत्तर बहुतेकांना पाठ असते. पण ‘आधी’ म्हणजे नेमके कधी, हे कळले नाही तर कोकणातल्या पावसाळ्यात ते पाठांतर फसवू शकते.

समजा, कुडाळजवळच्या गावातला एक शेतकरी आठवडाभर भातखाचरात लावणी करत होता. पायाला भेगा, चिखलात उंदरांचे आणि गुरांचे मूत्र मिसळलेले. पुढे दहा-बारा दिवसांनी त्याला सडकून ताप भरला. डोळे लाल झाले आणि पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की हात लावू देईना. तापाच्या तिसऱ्या दिवशी रक्त तपासले, लेप्टोस्पायरोसिस म्हणजेच लेप्टोची आयजीएम चाचणी निगेटिव्ह आली. घरच्यांना हायसे वाटले. आठव्या दिवशी तीच चाचणी पॉझिटिव्ह आली.

पहिली चाचणी चुकलेली नव्हती. लेप्टोस्पायरा हे जिवाणू पहिल्या आठवड्यात रक्तात असतात, पण त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे मोजता येण्याइतकी व्हायला तापाचे साधारण पाच ते सात दिवस जावे लागतात. त्याआधी शोधायचे तर जिवाणूच शोधावे लागतात, म्हणजे रक्ताची पीसीआर. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमवरून लेप्टो नाही असे कधीच म्हणू नये. लावणी, ताप आणि दुखऱ्या पोटऱ्या एवढ्या खुणा दिसल्या, तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करतात आणि ते योग्यच आहे.

आता आयजीएमच आधी का? प्रतिपिंडे बनवणाऱ्या आपल्या बी पेशी जंतू भेटण्यापूर्वीच पृष्ठभागावर आयजीएम, आणि जोडीला आयजीडी, घेऊन फिरत असतात. प्रतिपिंडाच्या जनुकात जंतू पकडणाऱ्या भागानंतर लगेच आयजीएमचा खंड येतो, बाकीच्या वर्गांचे खंड त्याच्या पुढे असतात. त्यामुळे पेशीला जनुकात काहीही कापाकापी न करता आयजीएम तयार करता येते. हे पहिले प्रतिपिंड जंतूला फार घट्ट धरत नाही. ती उणीव त्याचा आकार भरून काढतो. पाच एकके जोडून झालेल्या या मोठ्या रेणूला पकडीच्या दहा जागा असतात, आणि जंतूवर बसलेला असा एकच रेणू जंतू मारायला मदत करणारी रक्तातली पूरक प्रथिने जागी करू शकतो.

पुढच्या दिवसांत टी पेशींच्या मदतीने काही बी पेशी वर्ग बदलतात. जनुकातला आयजीएमचा तुकडा कापून टाकला जातो आणि जंतू पकडणारा भाग तोच राहून त्याला आयजीजीचा खंड जोडला जातो. तुकडा गेलेला असल्याने ती पेशी परत आयजीएमकडे वळू शकत नाही. याच काळात पकडही अधिक घट्ट होत जाते. रक्तातल्या एकूण प्रतिपिंडांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आयजीजी असते. वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचणारे प्रतिपिंडही हेच. आयजीएम वार ओलांडत नाही, म्हणून नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्ध आयजीएम सापडले, तर ते बाळानेच बनवलेले असते आणि संसर्ग गर्भातच झाल्याचा संशय घ्यावा लागतो.

उरलेल्या वर्गांची कामे वेगळ्या जागी आहेत. आयजीए लाळेत, अश्रूंत, आतड्याच्या स्रावात आणि आईच्या चिकाच्या दुधात असते. आयजीई रक्तात सगळ्यांत कमी, पण कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात त्यामागे तेच असते. जंतांशी लढायचे कामही त्याच्याकडे.

आपल्या रुग्णाकडे परत येऊ. आठव्या दिवशीचे पॉझिटिव्ह आयजीएम तरी निर्णायक आहे का? पूर्णपणे नाही. लेप्टोचे आयजीएम बरे झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहू शकते. मागच्या हंगामात न कळत होऊन गेलेल्या लेप्टोची खूण आजच्या डेंगीच्या तापात सापडली, तर निदान भरकटते. खात्रीसाठी दोन आठवड्यांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने घेऊन एमएटी ही चाचणी करतात. तीत रक्तद्रव अधिकाधिक पातळ करत जातात आणि जिवाणूंच्या गुठळ्या कुठवर होतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पहिल्या नमुन्यात १:१०० पर्यंत आणि दुसऱ्यात १:४०० किंवा त्याहून पुढे गुठळ्या दिसल्या, म्हणजे चौपट वाढ झाली, तर संसर्ग ताजाच.

परीक्षेतल्या नेहमीच्या नियमानुसार तोच जंतू पुन्हा आला तर स्मृतिपेशी आयजीजी झपाट्याने आणि भरपूर बनवतात. लेप्टोत मात्र हा नियम शेतकऱ्याला पुरेसे संरक्षण देत नाही. यात प्रतिपिंडे मुख्यतः जिवाणूच्या बाह्य आवरणातल्या शर्करायुक्त घटकाविरुद्ध बनतात, आणि लेप्टोस्पायराच्या प्रकारागणिक तो घटक बदलतो. एका प्रकाराविरुद्धचे संरक्षण दुसऱ्यावर फारसे चालत नाही, म्हणून एकदा लेप्टो होऊन गेलेल्याला पुढच्या लावणीत तो पुन्हा होऊ शकतो.