तिसऱ्या तासाला चित्र का अडखळतं?

करवीर तालुक्यातल्या गावोगावच्या जत्रांत कुस्ती मैदान दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतं. आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग हळूहळू मोठ्या जोडी, आणि एक नंबरची कुस्ती रात्री आठ-नऊला. पुण्या-मुंबईला गेलेली गावची माणसं ती बघायला मोबाईल उघडून बसलेली असतात. अशाच एका मैदानाचं लाइव्ह आम्ही करत होतो. सव्वापाचला लॅपटॉपवर बसलेल्या पोरानं हाक मारली, "दादा, बघा की जरा, चित्र अडकाय लागलंय. हलगी नीट ऐकू येतीया, पैलवान मात्र उड्या मारत्यात."

दोन तास सगळं सुरळीत चाललं होतं. सेटिंगला कुणी हात लावला नव्हता, कॅमेरा तोच होता. मग बदललं काय?

बदललं होतं लॅपटॉपचं तापमान. आणि ते इतकं का महागात पडलं, हे कळायला लॅपटॉपमधला चित्र गुंडाळणारा प्रोग्रॅम, म्हणजे एन्कोडर, काय करतो ते आधी बघावं लागतं.

कॅमेऱ्याकडून सेकंदाला ३० चित्रं येतात. प्रत्येक चित्र जसंच्या तसं पाठवणं मैदानावरच्या इंटरनेटला झेपणार नाही, म्हणून एन्कोडर बहुतेक वेळा त्यातला फक्त बदल पाठवतो. १२८० बाय ७२० ठिपक्यांचं चित्र तो १६ बाय १६ च्या चौकोनांत तोडतो. असे ३,६०० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनासाठी तो शोधतो, की हा तुकडा मागच्या चित्रात कुठे होता. मागची पत्र्याची भिंत जागची हललेली नसते, ती लगेच सापडते. पण एकानं धोबीपछाड मारली की पाय, खांदा, उडालेली तांबडी माती, सगळंच वेगवेगळ्या दिशेला जातं. तिथे शोध लांबतो. सेकंदाला असे १,०८,००० चौकोन शोधायचे असतात.

प्रीसेट म्हणजे हा शोध किती चिकाटीनं करायचा याचा हुकूम. लाइव्ह पाठवायला आम्ही ओबीएस हा प्रोग्रॅम वापरतो, त्यातल्या x264 एन्कोडरमध्ये `ultrafast`, `superfast`, `veryfast`, `faster`, `fast`, `medium` अशी ती नावं चढत्या कष्टानं येतात, पुढे `slow` वगैरेही आहेत. `medium` वर एन्कोडर मागची तीन चित्रं धुंडाळतो आणि पुढची ४० चित्रं आधी चाळून घेतो. `veryfast` वर मागचं एकच चित्र बघतो आणि पुढची दहा चाळतो. सेकंदाला किती डेटा पाठवायचा, म्हणजे बिटरेट, आपण ठरवून दिलेला असतो, त्यामुळे डेटा दोन्हीकडे जवळपास तेवढाच जातो. फरक पडतो तो तेवढ्याच डेटात चित्र किती नीट बसवलं यात.

आमच्याकडे कुणीतरी चित्र स्वच्छ दिसावं म्हणून `medium` निवडलं होतं. आता हिशोब बघा. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे एका चित्राला ३३.३ मिलिसेकंद. लॅपटॉप गार असताना, ३.० गिगाहर्ट्झवर, एका चित्रामागे सरासरी २२ मिलिसेकंद लागतात असं धरू. हाताशी ११ उरतात, छान चालतं. पण एप्रिलचं ऊन, वरून पत्रा, आणि पंख्याच्या जाळीत आखाड्यातली माती. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तो १.८ गिगाहर्ट्झवर आला, की त्याच कामाला सुमारे ३६.७ मिलिसेकंद लागतात. वेळ मिळतो ३३.३. आता प्रत्येक चित्रामागे उधारी चढत जाते, रांग भरते, आणि ओबीएस मधलं एखादं चित्र सोडून देतं. साधारण दर अकरा चित्रांमागे एक. आवाजाचं काम वेगळं आणि हलकं असतं, म्हणून हलगी वाजतच राहते.

हे ओळखायचं कसं? `Docks` मेनूतली `Stats` खिडकी उघडायची. `Skipped frames due to encoding lag` हा आकडा वाढत असेल तर प्रोसेसर कमी पडतोय. `Dropped Frames` वाढत असेल तर दोष नेटचा, तिथे प्रीसेट बदलून काही होणार नाही. `Frames missed due to rendering lag` वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. बघणाऱ्याला तिन्ही जवळपास सारखंच दिसतं, म्हणून ही खिडकी बघितल्याशिवाय काही बदलू नये.

त्या खिडकीतली टक्केवारी मात्र फसवते, आणि आम्हीही फसलो. पोरगा म्हणाला, "अर्धा टक्का बी नाही हो दादा." तो आकडा सुरुवातीपासूनचा असतो. दोन तासांत २,१६,००० चित्रं नीट गेलेली. शेवटच्या पाच मिनिटांतल्या ९,००० चित्रांपैकी ८०० गेली, तरी एकूण ०.४ टक्केच दिसतात. टक्के बघायचे नाहीत. डावीकडचा मोजणीचा आकडा दर दहा सेकंदांनी वाढतोय का, ते बघायचं.

मग `Ctrl+Shift+Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडला. `Performance` मध्ये प्रोसेसरचा वेग उतरलेला दिसला, तेच खरं निदान. `Processes` मध्ये `CPU` वर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. ओबीएसच्या खाली ब्राउझर होता. त्यात आमचंच लाइव्ह चालू ठेवलं होतं, "जातंय का बघायला". म्हणजे एक प्रोसेसर चित्र गुंडाळतही होता आणि तेच परत उलगडतही होता. ते टॅब बंद करून तपासणी मोबाईलवर घेतली. फोटो क्लाउडवर चढवणारा प्रोग्रॅम मागे चालू होता, तो थांबवला. ओबीएसमधलं प्रीव्ह्यूही उजव्या क्लिकनं बंद करता येतं. पण नाव ओळखीचं नाही म्हणून विंडोजची एखादी प्रक्रिया मारू नका, चालू मैदानात सगळंच बसेल.

एवढं केल्यावर आकडा वाढायचा मंदावला, थांबला नाही. प्रीसेट बदलणं भाग होतं, आणि स्ट्रीम चालू असताना ओबीएस ते बदलू देत नाही. दोन कुस्त्यांच्या मध्ये, पंच पुढची जोड पुकारत असताना स्ट्रीम थांबवली, `Settings` मधल्या `Output` मध्ये `veryfast` केलं आणि पुन्हा सुरू केली. यूट्यूबवर ऑटो-स्टॉप बंद ठेवलेलं होतं, म्हणून लिंक तीच राहिली. ते चालू असतं तर आमचं प्रक्षेपण तिथेच संपलं असतं आणि गावकऱ्यांना नवी लिंक शोधावी लागली असती. ही एक गोष्ट मैदानावर जाण्याआधीच बघून ठेवावी.

`veryfast` वर काम निम्म्याहून कमी होतं. गार लॅपटॉपवर १० मिलिसेकंद धरले तर तापलेल्यावर १६.७, म्हणजे मुदतीच्या निम्म्यात. शिवाय काम कमी म्हणून उष्णता कमी, उष्णता कमी म्हणून वेग परत चढतो. अर्ध्या तासात तो वर आलेला दिसला.

चित्रात काय गेलं? उडालेल्या मातीत बारीक चौकोन दिसायला लागले, चेहरे तसेच राहिले. `superfast` वर ते चौकोन अंगावरही येतात. `ultrafast` तर मी शेवटचा उपाय मानतो. तिथे कडा मऊ करणं आणि डेटा घट्ट बसवणं, दोन्ही सोडून दिलेलं असतं, आणि ३,००० केबीपीएस बिटरेटला कुस्ती बघवत नाही. त्यापेक्षा चित्र ९६० बाय ५४० करावं. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सवर चालणारा एन्कोडर असेल तर तो घरी आधी तपासून बघावा, बराच भार तिकडे जातो.

आता आम्ही घरी तासभर तरी चाचणी घेतो, तीही खोलीची खिडकी बंद करून, उकाड्यात. प्रोसेसर ७० टक्क्यांच्या वर राहिला तर एक पायरी वेगवान प्रीसेट घेतो. त्या दिवशी एक नंबरची कुस्ती पावणेनऊला लागली. बावीस मिनिटांनी निकाल झाला, आणि तेवढ्या वेळात सुटलेल्या चित्रांचा तो आकडा एकदाही हलला नाही.