कामाची अदलाबदल व बदली कामगाराचे प्रशिक्षण (लहान फाउंड्री)

लहान कारखान्यात एखादा कामगार गैरहजर राहिला तरी काम चालू राहावे म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या कामाखेरीज आणखी एखादे काम शिकवतात आणि ठरावीक दिवसांनी ते त्याच्याकडून करून घेतात. अशा पद्धतीला कामाची अदलाबदल म्हणतात. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरातल्या ओतकामाच्या लहान कारखान्यांत तिची गरज विशेष जाणवते. तिथे आठ-दहा माणसांत सगळे ओतकाम चालते. त्यांतले बरेच जण आसपासच्या खेड्यांतून येतात आणि घरची शेती सांभाळतात. जुलैत भाताची रोप लावणी, पुढे सुगी, आषाढी वारी, गणेशोत्सव, सौंदत्तीची यल्लमाची यात्रा, गावची महालक्ष्मी यात्रा अशा वेळी माणूस कामावर येणार नाही, हे आधीच कळलेले असते. म्हणजे खाडा अनपेक्षित नसतो. अडचण बदली माणूस किती तयार आहे, याची असते.

काम अर्धे शिकलेला माणूस हजेरीपटावर पूर्ण धरला जातो, हा या पद्धतीतला सर्वांत मोठा धोका आहे. जागा रिकामी राहिली तर काम थांबते आणि ते सर्वांना दिसते. अर्धशिक्षित माणूस उभा केला की काम चालू राहते आणि चूक मालाच्या पोटात जाते. वाळू कालवण्याच्या कामात हे फार स्पष्ट दिसते.

बिडाच्या ओतकामाचे साचे बहुधा ओल्या वाळूचे असतात. वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिक्सरमध्ये कालवून ते साचे घडवतात. वापरलेली वाळू मोडून पुन्हा घेतात, तिला परतीची वाळू म्हणतात. मिक्सरवरचे काम बाहेरून सोपे दिसते : फावड्याने वाळू टाकायची, माती टाकायची, पाणी ओतायचे, बटण दाबायचे. म्हणून बदली माणसाला ते दोन दिवसांत ‘आले’ असे मानले जाते.

उदाहरणादाखल नऊ माणसांची एक फाउंड्री घेऊ. वाळूवाला रोप लावणीसाठी चार दिवस रजेवर जातो आणि त्याच्या जागी भट्टीवरचा मदतनीस येतो. त्याला मे महिन्यात शिकवलेले असते. दोनशे किलोच्या घाण्याला चार लिटर पाणी, असे त्याने पाठ केलेले असते. मे महिन्यात परतीच्या वाळूत दीड टक्का ओल होती, म्हणजे तीन किलो पाणी. त्यात चार लिटर पडले की ओल साडेतीन टक्क्यांच्या आसपास येई आणि साचा चांगला होई. जुलैत पाऊस आडवा येऊन शेडच्या दाराशी पडलेला वाळूचा ढीग भिजतो आणि त्यात अडीच टक्के ओल असते. तेच चार लिटर घातल्यावर ओल साडेचार टक्क्यांजवळ जाते. वितळलेल्या धातूचा रस ओतला की जादा पाण्याची वाफ होते, ती वाळूतून पुरती बाहेर पडू शकत नाही आणि धातूत पोकळ्या राहतात. उलट, दुपारनंतर तीच वाळू वारंवार फिरून गरम झालेली असते. मग पाणी साच्यापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जाते, साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळूचे कण मालात अडकतात. एकाच दिवशी एकच माप दोन्ही बाजूंनी चुकते.

बदली माणसाने यात हलगर्जी केलेली नसते. त्याला शिकवले तेच त्याने इमानाने केले. त्याला माप शिकवले, मापाचे कारण शिकवले नाही. नेहमीचा वाळूवाला प्रत्येक घाण्यातली वाळू मुठीत दाबून गोळा करतो, तो मोडून कडा कशा तुटतात ते पाहतो आणि पाणी थांबवून थांबवून घालतो. उपकरण असेल तर चाळलेल्या वाळूने नळी भरून तिच्यावर तीन ठोके देतात आणि वाळू मूळ उंचीच्या किती टक्के खाली बसली ते मोजतात. ती साधारण चाळीस टक्के बसावी, इतका अंदाज पुष्कळ ठिकाणी चालतो. नेमका आकडा त्या कारखान्याच्या वाळूवर आणि साचे घडवण्याच्या रीतीवर अवलंबून असतो.

चूक उशिरा कळते. कास्टिंग वरून स्वच्छ दिसते आणि पोकळी लेथवर पहिला काप घेतल्यावर उघडी पडते. तोवर दोन-चार दिवस गेलेले असतात, मूळचा वाळूवाला परत आलेला असतो आणि ठपका बहुधा भट्टीवर येतो. म्हणून मालावरचा ओताचा क्रमांक आणि त्या पाळीला मिक्सरवर कोण होते, याची नोंद एकत्र ठेवावी लागते. वाळूच्या वहीत दिवसभर ओलीचा एकच आकडा लिहिलेला असेल, तर मोजणी झाली नाही असेच समजावे. पावसाळ्यात खऱ्या मोजणीचे आकडे घाण्यागणिक हलतात.

प्रशिक्षणाची चार पायऱ्यांची एक जुनी रीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नव्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी ती रूढ झाली : शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम कारणांसह करून दाखवणे, त्याच्याकडून ते बोलत बोलत करून घेणे आणि पुढे त्याच्यावर लक्ष ठेवणे. लहान कारखान्यात तिसरी आणि चौथी पायरी गाळली जाते, कारण त्या वेळी दोन माणसे एका जागी अडकतात. पण ‘पाणी इथे का थांबवले?’ याचे उत्तर शिकणारा स्वतःच्या शब्दांत देतो का, हे तिसऱ्या पायरीवरच कळते. शिकवणारा मराठी आणि शिकणारा कन्नड किंवा हिंदी बोलणारा असेल, तर नुसत्या खाणाखुणांनी कृती पोहोचते, कारण पोहोचत नाही. अशा ठिकाणी दोन्ही भाषा जाणणारा सहकारी शेजारी उभा करावा.

कोणाला काय येते, याचा तक्ता भिंतीवर लावतात. प्रत्येक कामापुढे चार भागांचे वर्तुळ असते. पहिला भाग भरला तर माहिती आहे, दुसरा भरला तर देखरेखीखाली करतो, तिसरा भरला तर एकटा करतो आणि चौथा भरला तर शिकवू शकतो. गैरहजेरी भरून काढताना दोन भाग भरलेला माणूस शून्य धरावा. मिक्सरसाठी तिसरा भाग भरण्याची अट अशी ठेवता येते : भिजलेली वाळू आणि गरम वाळू, दोन्ही त्याने एकट्याने सांभाळलेली असावीत आणि खराब घाणा स्वतःहून थांबवलेला असावा. त्यामुळे मे महिन्यात दिलेले प्रशिक्षण जूनचा पाऊस लागेपर्यंत पुरे होत नाही. नंतरही पंधरवड्यातून एखादी पाळी त्या जागेवर द्यावी लागते, नाहीतर हात विसरतो.

सगळी कामे मात्र या अदलाबदलीत घेऊ नयेत. इंडक्शन भट्टीवर ओला किंवा बंद पोकळीचा भंगार रसात गेला, तर पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे 1,600 पट वाढते आणि रस उसळतो. वर न वितळलेल्या भंगाराचे तुकडे एकमेकांत अडकून पूल बांधला गेला, तर खालचा रस नकळत अतितप्त होऊन भट्टीचे आतले अस्तर खातो. अस्तरातून रस भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलकडे निघाल्याचा इशारा देणारा दिवा लागला, की अर्धशिक्षित माणूस तो रीसेट करून काम पुढे चालवतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 22 मध्ये चालत्या यंत्राजवळचे तपासणीचे व वंगणाचे काम खास प्रशिक्षित आणि नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ कामगारालाच देण्याची अट होती. भट्टीलाही तोच नियम लावणे योग्य ठरते. भट्टी चालवणारे, पूर्ण तयार झालेले दोन मेल्टर नसतील आणि असलेला एक रजेवर असेल, तर त्या दिवशी भट्टी पेटवू नये. साचे घडवणे, मालातल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचे कोअर करणे, ओतलेला माल घासून साफ करण्याचे फेटलिंग ही कामे तेवढ्यात उरकता येतात.

शिकवायला जुना कामगार बहुधा नाखूश असतो, कारण आपल्यावाचून अडते यातच त्याची किंमत असते. दुसऱ्याला तयार केल्याबद्दल त्याच्या पगारात भर घातली आणि तयार झालेल्या बदली माणसालाही त्या पाळीचा वरचा दर दिला, तर तो मूठ दाबून पाहण्याची खूणही सांगतो. नाहीतर तो चार लिटर एवढेच सांगतो.