ओठांवर जे दिसत नाही ते हातांवर

आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता, नेहमीच्या वेगाने चार शब्द म्हणा: पान, बाण, भान, मान. चारही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. आता सात आणि साठ म्हणून बघा. मग बाबा आणि मामा. आवाज नसेल तर यांतला कुठला शब्द म्हटला गेला हे समोरच्याला सांगता येणार नाही, मग त्याची नजर कितीही तीक्ष्ण असो.

घरातल्या मोठ्या माणसाचं ऐकणं अचानक गेलं की भेटायला येणारे धीर देतात, “हळूहळू ओठ वाचायला शिकतील.” श्रवणतज्ज्ञ म्हणून मी नाशिकमध्ये अशी बरीच कुटुंबं पाहते. ओठ वाचण्याचा उपयोग नक्की आहे, पण तो कुठवर पुरतो हे माहीत नसलं की दोन-तीन महिन्यांत घरात चिडचिड सुरू होते. “लक्षच देत नाहीत,” असं घरचे म्हणतात, आणि तो माणूस बोलणंच टाळू लागतो.

कारण साधं आहे. प, ब, भ आणि म या चौघांनाही ओठ मिटावे लागतात. ब म्हणताना स्वरतंतू कंप पावतात आणि प म्हणताना पावत नाहीत, भ ला जास्त हवा लागते, म चा आवाज नाकातून येतो. हे सगळे फरक घशात आणि नाकात घडतात, बाहेरून काहीच दिसत नाही. त-थ-द-ध-न-ल आणि ट-ठ-ड-ढ-ण-ळ ही सगळी जिभेची कामं, तीही दातांच्या आड. क-ख-ग-घ तर जिभेच्या पार मागच्या भागात तयार होतात. बाहेर दिसतं ते एवढंच: ओठ मिटणं, फ आणि व ला खालचा ओठ दातांजवळ येणं, उ-ओ ला ओठ गोल होणं, आ ला तोंड उघडणं, इ-ए ला ओठ फाकणं. इंग्रजीतले साधारण 30 ते 40 टक्केच ध्वनी ओठांवरून ओळखता येतात, असं सांगितलं जातं. मराठीत प-ब, ब-भ, त-थ, द-ध अशा जोड्या भरपूर असल्याने सारखे दिसणारे शब्द खूप होतात.

मग काही माणसं एवढं चांगलं ओठवाचन करतात ते कसं? दिसलेल्या तुकड्यांतून ती वाक्य जुळवतात. विषय काय चाललाय, समोर कोण आहे, आत्ता काय बोललं जाण्याची शक्यता आहे, यावरून मेंदू गाळलेल्या जागा भरतो. आयुष्यभर मराठी ऐकलेल्या माणसाकडे हा साठा आधीच असतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. तरी हे कौशल्य माणसागणिक फार वेगळं असतं. सरावाने थोडं सुधारतं, पण ज्याला मुळात कमी जमतं तो सरावाने तरबेज होत नाही. त्याचा हुशारीशीही फारसा संबंध नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातपूरला राहणारे, कारखान्यात फोरमन असलेले पन्नाशीचे गृहस्थ. मेनिंजायटिस झाला, म्हणजे मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान पूर्ण गेले. घरी बायको, कॉलेजला जाणारा मुलगा आणि आई.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. मेनिंजायटिसनंतर कानाच्या आतल्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, हाड तयार होऊ लागू शकतं. कधी कधी ते काही आठवड्यांतच सुरू होतं. तसं झालं तर पुढे कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र, शस्त्रक्रियेने बसवणं अवघड होतं. म्हणून ऐकणं गेल्याचं कळताच स्कॅन आणि इम्प्लांटची तपासणी लगेच करून घ्यावी, “आधी ओठ वाचायला शिकू, मग बघू” असं करू नये. दुसरं कुठलं कारण न दिसता एखाद्या दिवशी अचानक कान गेला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. स्टिरॉइडचे उपचार सुरुवातीच्या दिवसांतच सुरू झाले तर उपयोगाची शक्यता जास्त असते. दोन आठवडे उलटल्यावर ती बरीच कमी होते.

या गृहस्थांची इम्प्लांटची प्रक्रिया सुरू होती, पण तोवर घर चालवायचं होतं. जेवताना बायको विचारायची, “भात वाढू?” ते बरोबर मान हलवायचे, कारण समोर भाताचं पातेलं असायचं. “मामा येणारेत” हेही कळलं. ओठांवर ते “बाबा येणारेत” असंही दिसतं, पण त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा दुसरा अर्थ आपोआप गळून पडला. घरच्यांना वाटलं, जमायला लागलं. मग एका संध्याकाळी मुलाने सांगितलं, गाडीच्या दुरुस्तीला सात हजार लागले. वडिलांनी मान डोलावली आणि उठून गेले. रात्री बायकोच्या लक्षात आलं की ते जेवले नाहीत. वहीवर लिहून विचारल्यावर कळलं, त्यांनी साठ हजार वाचलं होतं. दोन्ही आकडे त्यांना शक्य वाटत होते, त्यामुळे अंदाज लावायला काही आधारच नव्हता.

चूक नेमकी कुठे होते ते या प्रसंगात दिसतं. आकडे, माणसांची आणि गावांची नावं, वेळ, हो की नाही, हे शब्द संदर्भावरून ओळखू येत नाहीत. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, हेही त्यात आलं. “समजलं का?” असं विचारलं की दमलेला माणूस हो म्हणतो. त्याऐवजी “मी काय म्हणाले ते सांगा,” असं विचारावं. सुरुवातीला ते परीक्षेसारखं वाटतं, म्हणून घरात आधीच ठरवून ठेवावं की महत्त्वाची गोष्ट असली की ती उलट सांगायची.

त्यानंतर आम्ही एक वही केली. रोज पंधरा-वीस मिनिटं, दिवसा, खिडकीकडे बोलणाऱ्याचं तोंड आणि ऐकणाऱ्याची पाठ. दोघांत तीन-चार फुटांचं अंतर. आधी विषय कागदावर लिहायचा, समजा “उद्याचा बाजार”. मग त्या विषयावरची छोटी वाक्यं नेहमीच्या लयीत, हलक्या आवाजात म्हणायची. ओरडलं किंवा शब्द ताणून म्हटला की ओठांचा आकार बिघडतो आणि ओळखीचा शब्दही परका होतो. वाक्य नाही कळलं तर एकदा पुन्हा म्हणायचं, तरी नाही कळलं तर शब्द बदलून म्हणायचं. “पेठला गेले होते” अडलं, कारण पेठ आणि भेट सारखंच दिसतं. तेव्हा “बसने पेठ गावाला” म्हटल्यावर लगेच कळलं. तिसऱ्यांदा लिहूनच द्यायचं. आणि जो शब्द अडला तो वहीत जायचा.

दोन आठवड्यांनी वही चाळली तर अडलेले शब्द फार निरनिराळे नव्हते, तेच तेच पुन्हा येत होते. आकडे, वार, नातेवाईकांची नावं, औषधांची नावं, कधी-कुठे-किती, आणि ‘नाही’. एवढ्याच शब्दांसाठी घरच्यांनी हात वापरायला सुरुवात केली. आकडे बोटांवर. नावांसाठी घरात ठरवलेली एकेक खूण, नाहीतर तळहातावर बोटाने पहिलं अक्षर काढायचं: प की भ, तिथेच निकाल लागतो. बाकीच्या शब्दांसाठी भारतीय सांकेतिक भाषेतल्या खुणा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 10,000 शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश केला आहे आणि तो इंटरनेटवर मोफत बघता येतो. शक्य असेल तर मात्र खुणा बहिऱ्या शिक्षकाकडूनच शिकाव्यात. हाताची दिशा आणि चेहऱ्यावरचा भाव व्हिडिओ बघून निम्माच साधतो.

सगळ्याच खुणा घरच्या घरी का ठरवू नयेत, असं मुलाने विचारलं होतं. नावांसाठी खुशाल ठरवाव्यात. पण ‘दवाखाना’, ‘दुखतंय’, ‘किती’ हे शब्द उद्या दुभाष्याशी किंवा दुसऱ्या बहिऱ्या माणसाशी बोलतानाही लागतील. तिथे घरगुती खूण चालणार नाही.

आता अपेक्षांचं बोलू. मराठी बोलता बोलता मधे मधे खुणा करणं म्हणजे सांकेतिक भाषा आली असं नाही. त्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो. त्या भाषेत मोकळेपणाने गप्पा मारायला वर्षं लागतात आणि बहिऱ्या लोकांमध्ये मिसळावं लागतं. पन्नाशीत ऐकणं गेलेल्या प्रत्येकाला तेवढं करायचं नसतं, आणि नाही केलं तर काही बिघडत नाही. घरासाठी शंभरेक खुणा मात्र काही महिन्यांत सहज होतात, पण अट एकच: घरातल्या सगळ्यांनी शिकायचं. एकट्या बायकोने शिकलं तर ती दिवसभर दुभाषी होते, आणि तिच्याशी नवरा-बायकोसारखं बोलायला कोणी उरत नाही. या घरात आजींनी सगळ्यात आधी खुणा उचलल्या.

ओठवाचनाने डोळे आणि डोकं दोन्ही दमतात. अर्ध्या तासानंतर चुका वाढल्या तर तो थकवा असतो, तेव्हा वही पुढे करावी. वीज गेली की बॅटरीचा उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर धरावा. मेनिंजायटिसने बऱ्याचदा तोल सांभाळणारा भागही जातो, त्यामुळे अंधारात हात धरून चालवावं. दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडावर मास्क असेल तर ओठांचा प्रश्नच मिटतो, तिथे पहिल्यापासून लिहूनच बोलावं. मंगल कार्यालयात सहा जण एकदम बोलतात, तिथे कोणालाच ओठ वाचता येत नाहीत. बोलणारा कोण हे शोधेपर्यंत वाक्य संपलेलं असतं. शेजारी बसलेल्याने “विषय: मुलीची नोकरी” एवढं कागदावर लिहिलं तरी पुढची दोन-चार वाक्यं हाती लागतात. त्यांच्या स्वतःच्या बोलण्याचीही एक खूण ठरवली. आपला आवाज ऐकू येत नसल्याने तो नकळत वाढतो, तेव्हा हात हलकेच खाली दाबून दाखवायचा.

थोडासा आवाज परत आला तरी ओठवाचन वाया जात नाही, उलट खरं कामाला येतं. पुरेसा मोठा केलेला क्षीण, अस्पष्ट आवाजसुद्धा स्वरतंतूंचा कंप आणि नाकातला सूर पोचवतो, म्हणजे ओठांवर न दिसणारं नेमकं तेच. ओठ मिटताना दिसले आणि कानात गुणगुण आली, की प आणि म वेगळे होतात. इम्प्लांट बसल्यावर पहिले काही महिने आवाज यंत्रासारखा वाटतो. त्या काळात या गृहस्थांनी तीच वही पुन्हा काढली. आधी ओठ बघून आणि ऐकून, मग बायकोने तोंडासमोर कागद धरून नुसतं ऐकून. बाबा आणि मामा त्यांना लवकर वेगळे कळू लागले. सात आणि साठ अजूनही बोटांवरच दाखवतात.