विभाजकांची हासे आकृती

एखाद्या संख्येचे सर्व विभाजक भाज्यतेच्या क्रमाने मांडणारी रेखाकृती. हेल्मुट हासे (१८९८–१९७९) या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते, मात्र ती वापरणारा तो पहिला नव्हे. भाज्यता हा अंशतः क्रम आहे. ४ आणि ६ यांपैकी कोणीच दुसऱ्याला निःशेष भागत नाही, त्यामुळे त्यांच्यात वरखाली ठरत नाही. सगळे विभाजक एका सरळ रांगेत बसत नाहीत ते यामुळेच.

६० = २² × ३ × ५ ही संख्या घेऊ. हिचे विभाजक बारा. त्यांच्यात लहान विभाजक मोठ्याला भागतो अशा जोड्या ४२ निघतात. सगळ्या काढल्या तर कागदावर जाळे होते आणि काहीच दिसत नाही. म्हणून फक्त आच्छादनाच्या जोड्या रेषेने जोडतात, म्हणजे ज्यांच्या मधे तिसरा विभाजक बसत नाही अशा. कसोटी सोपी: मोठ्याला लहानाने भागल्यावर मूळ संख्या यावी. २ आणि १२ यांचा भागाकार ६ येतो, म्हणून त्यांना थेट रेषा नाही. २ वरून ४ किंवा ६ मार्गे १२ ला जाता येते. अशा गाळणीनंतर २० रेषा उरतात.

पातळी ठरते ती मूळ अवयवांच्या संख्येवरून, आणि पुन्हा आलेला अवयव पुन्हा मोजायचा. तळाला १, त्यावर २, ३, ५, त्यावर ४, ६, १०, १५, मग १२, २०, ३० आणि माथ्यावर ६०. इथेच हमखास चूक होते. संख्येच्या आकाराकडे पाहून ४ ला ५ च्या खाली ठेवले जाते; वास्तविक ४ = २ × २, म्हणून तो ५ च्या एक पायरी वर. १५ चेही तसेच. तो १२ पेक्षा मोठा, पण दोनच अवयवांचा, म्हणून १२ च्या खाली. त्याच्यापासून वर एकच रेषा जाते, ३० कडे.

तपासायला दोन खुणा पुरतात. प्रत्येक रेषा लगतच्या दोन पातळ्यांमध्येच असावी. १५ वरून सरळ ६० ला रेषा गेली असेल तर ती खोडावी. दुसरी खूण रेषांची मोजणी. खालून वर जाताना पातळ्यांमध्ये ३, ७, ७, ३ रेषा यायला हव्यात. आकड्यांची ही सममिती योगायोग नाही: प्रत्येक विभाजकाच्या जागी ६० ला त्याने भागून येणारी संख्या लिहिली की आकृती उलटी होते.

हे नियम सर्व विभाजक घेतले तरच चालतात. १२ च्या विभाजकांतून ६ वगळला, तर ३ आणि १२ यांमध्ये कोणीच उरत नाही. भागाकार ४ असूनही रेषा काढावी लागते. एका बाजूने १, २, ४, १२ अशा तीन पायऱ्या, दुसऱ्या बाजूने १, ३, १२ अशा दोनच. मग ३ ला २ च्या ओळीत ठेवायचे की ४ च्या, हे काढणाऱ्याच्या सोयीवर राहते.