वाचून लगेच निर्णय घेता येईल असा एका पानाचा ऑडिट सारांश

इंटर्नल ऑडिटचा अहवाल चाळीस पानांचा असला, तरी संचालक आणि ऑडिट कमिटीचे सदस्य त्यातले पहिले पान वाचून बैठकीला येतात. हेच पान बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी लिहिले जाते, तेही अहवालातले परिच्छेद उचलून आणि थोडे कापून. मग वाचणाऱ्याला ऑडिट झाले एवढे कळते, पण आपण काय करायचे ते कळत नाही.

आमच्या ज्या ग्राहकांकडे स्वतःचा लहानसा ऑडिट विभाग आहे आणि जे सारांश स्वतः लिहितात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. ते या पत्रकासाठी रचलेले आहे, पण त्यातल्या चुका आम्ही अनेक अहवालांत पाहिल्या आहेत.

आधी निर्णय शोधा, मग लिहा

सारांश लिहायला बसताना अहवालाची फाइल बंद ठेवा. कोऱ्या कागदावर लिहा की हे पान वाचून कोणी काय ठरवायचे आहे. तीन-चार ओळींत उत्तर आले नाही, तर अडचण भाषेची नसते. ऑडिटमधून काय निघाले हे अजून तुमचेच पक्के झालेले नसते. अशा वेळी सारांश बाजूला ठेवून ऑडिट टीमशी पुन्हा बोला.

आपले उदाहरण असे: पुरवठादारांना पैसे देण्याच्या पद्धतीचे सहा महिन्यांचे ऑडिट झाले. अहवालात आठ मुद्दे आहेत. सर्वांत मोठा मुद्दा पुरवठादारांची बँक खाती बदलण्याचा. एक मुद्दा मध्यम, बाकी सहा किरकोळ. सारांशाच्या पहिल्या मसुद्यात मोठा मुद्दा असा लिहिला होता:

> व्हेंडर मास्टरमधील बदलांवरील नियंत्रणे अधिक बळकट करण्याची गरज असल्याचे निदर्शनास आले आहे. व्यवस्थापनाने याबाबत लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी.

या दोन वाक्यांत चुकीचे काही नाही, आणि त्यावर कोणी काही करूही शकत नाही. किती नोंदी, काय बिघडले, का बिघडले, त्याने काय होऊ शकते, कोणी काय करायचे, यांपैकी काहीच त्यात नाही. 'व्यवस्थापनाने' म्हटले की काम कोणाचेच राहत नाही. 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे, त्यामुळे पुढच्या बैठकीत पाठपुरावा कशाचा करायचा हेही ठरत नाही.

मुद्द्याचे पाच भाग आणि त्यांचा क्रम

कोणताही ऑडिट मुद्दा पाच गोष्टींनी पुरा होतो: काय आढळले, काय असायला हवे होते, फरक का पडला, त्याचा परिणाम काय आणि आता काय करायचे. मूळ अहवालात साधारण याच क्रमाने लिहितात, कारण तिथे वाचणाऱ्याला पटवायचे असते. सारांशात मात्र परिणाम वर आणा. आपले काय बिघडू शकते हे कळले, की वाचणारा पुढचे आकडे लक्ष देऊन वाचतो.

कारणाला हात आखडता घेऊ नका. जागा वाचवायची म्हणून सर्वांत आधी तेच कापले जाते, आणि मग 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे' अशी कुठेही चालेल अशी शिफारस उरते. आपल्या उदाहरणात खाते बदलताना पुरवठादाराला फोन करून खात्री करायची, हा नियम लेखा विभागाला माहीत होता. एक अधिकारी रजेवर असताना त्याचा मंजुरीचा अधिकार नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्याला तात्पुरता दिला गेला आणि नंतर तो काढायचा राहिला. शिवाय बदलाच्या फॉर्मवर फोन करून खात्री केल्याची नोंद करायला रकानाच नव्हता. अशा ठिकाणी प्रशिक्षण देऊन काहीच बदलले नसते.

पुन्हा लिहिलेले पान

> निष्कर्ष: बिले तपासून पैसे देण्याची पद्धत एकंदरीत नीट चालते. पुरवठादाराचे बँक खाते बदलताना होणारी पडताळणी मात्र भरवशाची नाही. दर्जा: सुधारणा आवश्यक.
>
> खाते बदल (गंभीर): खोट्या विनंतीवरून खाते बदलले गेले, तर पैसे तिऱ्हाइताकडे जातील आणि खरा पुरवठादार तक्रार करीपर्यंत आपल्याला कळणार नाही. सहा महिन्यांत असे 48 बदल झाले. आम्ही सर्व तपासले. 19 बदलांत पुरवठादाराच्या आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याचा पुरावा नाही. त्यांपैकी 7 बदल ज्या युजर आयडीने भरले, त्यानेच मंजूर केले. पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचे आढळलेले नाही: 19 पैकी 17 पुरवठादारांनी खाते आपलेच असल्याचे सांगितले, 2 जणांचे उत्तर यायचे आहे.
>
> कारण: रजेपुरता दिलेला मंजुरीचा अधिकार काढला गेला नाही. फॉर्मवर फोनची नोंद करायला जागा नाही.
>
> मान्य झालेली कार्यवाही: जादा अधिकार काढणे आणि नवा फॉर्म लागू करणे, लेखा प्रमुख, 10 जून. एकाच आयडीला भरणे आणि मंजुरी दोन्ही करता येऊ नये अशी सिस्टिममध्ये अडवणूक, आयटी प्रमुख, 30 जून.
>
> निर्णय हवा: उत्तर न आलेल्या 2 पुरवठादारांची देणी खात्री होईपर्यंत रोखावीत, अशी आमची शिफारस आहे. त्याने देणी उशिरा जाण्याची शक्यता आहे. निर्णय: वित्त संचालक, याच बैठकीत.

याखाली मध्यम मुद्दा तीन ओळींत येतो. किरकोळ सहा मुद्द्यांसाठी एकच ओळ पुरते: ते मूळ अहवालात आहेत, विभागप्रमुखांनी मान्य केले आहेत, वरिष्ठांकडून काही नको. त्या सहांची यादी पहिल्या पानावर देण्याचा मोह टाळा. गंभीर मुद्दा किरकोळ मुद्द्यांच्या रांगेत उभा केला, की तोही किरकोळ दिसू लागतो.

शब्द नेमके ठेवा

वरच्या पानात 'फोन केला नाही' असे कुठेही लिहिलेले नाही, 'खात्री केल्याचा पुरावा नाही' असे लिहिले आहे. हा फरक आम्ही आग्रहाने सांभाळतो. फॉर्मवर रकानाच नसेल, तर काही फोन झालेही असतील. आपल्याला माहीत आहे ते इतकेच, की त्याची नोंद नाही. 'केला नाही' लिहिले आणि बैठकीत लेखा प्रमुखांनी एका जरी फोनचा दाखला दिला, तर पुढची अर्धी बैठक त्या एका फोनवर जाते आणि उरलेल्या पानावरचा विश्वासही डळमळतो.

तसेच 'चुकीच्या खात्यात पैसे गेलेले नाहीत' आणि 'गेल्याचे आढळलेले नाही' यांचा अर्थ वेगळा आहे. दोन पुरवठादारांची उत्तरे बाकी असताना पहिले वाक्य लिहिणे खोटी हमी देण्यासारखे होईल. इथे पडताळणी कशी केली हेही महत्त्वाचे आहे. 17 जणांना जुन्या नोंदलेल्या क्रमांकावर विचारले असेल तरच त्यांच्या उत्तराला किंमत आहे. ज्या ईमेलवरून बदलाची विनंती आली, त्याच ईमेलवर विचारले, तर विनंती खोटी असली तरी उत्तर 'हो' असेच येईल.

आकड्यांची अशीच एक चूक मध्यम मुद्द्यात होती. 60 देणी तपासली, त्यांत 4 ठिकाणी माल मिळाल्याची पावती बिलासोबत नव्हती. मसुद्यात लिहिले होते, 'सुमारे 7 टक्के देणी पावतीशिवाय झाली.' पण ती 60 देणी मुद्दाम मोठ्या रकमांमधून निवडलेली होती, सगळ्या देण्यांतून यादृच्छिक पद्धतीने काढलेली नव्हती. अशा नमुन्यावरून एकूण देण्यांचे प्रमाण सांगता येत नाही. 'मोठ्या रकमांच्या तपासलेल्या 60 देण्यांपैकी 4' असे लिहिले की वाक्य खरे राहते आणि तेवढेच पुरते. खाते बदलांच्या मुद्द्यात ही अडचण नाही, कारण तिथे सर्व 48 नोंदी तपासल्या होत्या. म्हणूनच 'आम्ही सर्व तपासले' हे शब्द पानावर ठेवले आहेत.

नाव आणि तारीख

इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्सची 'ग्लोबल इंटर्नल ऑडिट स्टँडर्ड्स' 9 जानेवारी 2025 पासून लागू झाली. त्यांतल्या 15.1 या मानकानुसार अंतिम अहवालात मुद्दे सोडवण्याची जबाबदारी कोणाची आणि कार्यवाही कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायची, हे द्यावे लागते. ते सारांशातही असावे, हे आमचे मत. विभागाचे नाव न लिहिता पद लिहा, आणि एका कामाला एकच पद द्या. 'लेखा आणि आयटी' असे जोडनाव दिले की दोघेही एकमेकांची वाट पाहतात. उदाहरणात म्हणूनच दोन कामे वेगळी केली आहेत.

तारीख त्या माणसाशी बोलूनच घाला. बैठकीत पहिल्यांदा आपले पद आणि तारीख वाचणारा अधिकारी आधी हरकत घेतो, आणि ती रास्तच असते. आयटी प्रमुखांनी 30 जूनला काम होणार नाही असे सांगितले, तर तोपर्यंत तात्पुरता उपाय काय, हे विचारा. इथे तो सोपा आहे: सिस्टिम बदलेपर्यंत लेखा प्रमुखांनी दर आठवड्याला खाते बदलांची यादी काढून सही करायची. असा उपाय ठरला असेल तर तोही पानावर येऊ द्या.

एखादी कार्यवाही व्यवस्थापनाला मान्य नसेल, तर ते लपवू नका. 'मान्य नाही' असे लिहा, त्यांचे कारण एका ओळीत त्यांच्याच शब्दांत द्या आणि निर्णय कोणाकडे आहे ते सांगा. वरिष्ठांचा वेळ खरे तर अशाच जागी लागायला हवा.

पाठवण्याआधीची तपासणी

ज्याने मूळ अहवाल वाचलेला नाही अशा सहकाऱ्याला पान द्या. पाच मिनिटांनी ते परत घ्या आणि विचारा: काय बिघडले आहे, कोणाला काय ठरवायचे आहे, आणि कधीपर्यंत? उत्तर देताना तो अडखळला, तर समजावून सांगू नका. तो जिथे अडखळला ते वाक्य बदला. आमचा अनुभव असा, की बहुतेक वेळा अडते ते शेवटच्या प्रश्नावर.

मग पानावरचा प्रत्येक आकडा अहवालाशी ताडून पाहा. मसुद्यावर चर्चा होताना अहवालातले आकडे बदलतात आणि सारांशात जुनेच राहतात. 19 च्या जागी कुठे 21 राहून गेले, तर वाचणारा दोन्ही आकड्यांवर शंका घेतो. मजकूर पानाबाहेर जात असेल, तर अक्षरे बारीक करून किंवा समास कमी करून बसवू नका. आधी ऑडिटची पार्श्वभूमी कापा, मग कामाची पद्धत. व्याप्ती एका ओळीत राहू द्या. एखादी शाखा किंवा काळ तपासता आला नसेल, तर ते मात्र त्या ओळीत यायलाच हवे.

तुमच्या पुढच्या अहवालाच्या सारांशाचा मसुदा आम्हाला पाठवायचा असेल, तर बैठकीच्या किमान तीन दिवस आधी पाठवा आणि सोबत मूळ अहवालही जोडा. अहवालाशिवाय आम्हाला भाषा पाहता येते, आकडे तपासता येत नाहीत.